नऊ महिने वापरल्यावर: घड्याळाने अण्णांचा ईसीजी पहिल्या दोन वेळा 'एफिब' म्हणून दाखवला, एकदा ते चुकलं आणि एकदा खरं निघालं

अण्णा म्हणजे माझे वडील, वय ६९, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. गेल्या दिवाळीत भावानं आणि मी मिळून त्यांना ईसीजीवालं स्मार्टवॉच घेतलं, बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे म्हणून. आता नऊ महिने होत आले. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला घड्याळाची तुलना करायची नाहीये, मला त्या ईसीजीच्या ३० सेकंदांच्या पट्टीबद्दल लिहायचंय, कारण स्क्रीनवर पहिल्या दोन वेळा 'एफिब' हाच शब्द आला, म्हणजे हृदयाचा ठेका बिघडायचा एक आजार, आणि दोन्ही वेळेस आत घडत होतं ते पूर्ण वेगळं होतं.

पहिले दोन महिने तर खरं सांगायचं तर कटकटच झाली, चार वेळा ईसीजी काढला की तीन वेळा 'निष्कर्ष नाही' असं यायचं. मला वाटलं पीस खराब आलाय, बदलून घ्यावा. पण कारण साधं होतं. घड्याळाची मागची बाजू डाव्या मनगटाला टेकते आणि उजव्या हाताचं बोट बाजूच्या बटणावर ठेवायचं, म्हणजे एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत हृदयाचा करंट मोजला जातो. करंट मोजायच्या अशा एका बाजूला लीड म्हणतात, दवाखान्यातल्या ईसीजीत ज्याला लीड वन म्हणतात तीच ही घड्याळातली एकमेव लीड. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ईसीजीचं मशीन बनवणारे आइन्थोवन माणसांना मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत हात घालून बसवायचे आणि ईसीजी काढायचे, ते पण ह्याच दोन हातांमधून, आणि पाणी कशाला तर कातडीतून करंट नीट यावा म्हणून. अण्णांची बोटं आयुष्यभर नटबोल्टचे पाने फिरवून राठ झालेली आणि थंडीत कोरडी पडलेली. मग बोट जरा ओलं करून पुसायचं, पट्टा एक भोक घट्ट, दोन्ही हात टेबलावर टेकवून ठेवायचे आणि ३० सेकंद बोलायचं नाही, एवढं केलं आणि पट्टी स्वच्छ यायला लागली.

ही स्वच्छ पट्टी फार महत्त्वाची आहे, का ते पुढे कळेल.

आता नॉर्मल कसं दिसतं ते आधी, कारण ते डोळ्यात बसल्याशिवाय बिघडलेलं ओळखू येत नाही. पीडीएफ काढली की तीन ओळी येतात, प्रत्येक १० सेकंदांची. चौकटीचा कागद असतो, छोटा चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद आणि पाच छोट्यांचा मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद. जे उंच टोकदार सुळके दिसतात ते हृदयाचे खालचे मोठे कप्पे आकसतात तेव्हाचे. सुळक्याच्या थोडं आधी एक छोटा गोल उंचवटा असतो, त्याला पी म्हणतात, तो वरचे दोन कप्पे आकसायच्या वेळचा. म्हणजे आधी वरचे, मग खालचे, प्रत्येक ठोक्याला त्याच क्रमानं. अण्णांच्या नोव्हेंबरच्या एका चांगल्या पट्टीत पीपासून सुळक्यापर्यंत ४ छोटे चौकोन होते (३ ते ५ मध्ये असलं की ठीक) आणि सुळक्यापासून सुळक्यापर्यंत २१, २१, २२, २१, २०, २१. एखाद-दुसरा चौकोन मागेपुढे श्वासामुळं होतो, त्यात काही नाही.

जानेवारीत पहिल्यांदा 'एफिबची लक्षणं' असं आलं. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले, आईनं तर त्या दिवशी जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी मिरजेला हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी पीडीएफ फोनवर बघितली नाही, म्हणाले प्रिंट काढून आणा. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढली. मग त्यांनी दोन टोकांचा काटा घेतला, अगदी शाळेच्या कंपासपेटीतल्या डिव्हायडरसारखा, एक टोक एका सुळक्यावर, दुसरं पुढच्यावर, आणि तेच अंतर तसंच धरून पुढे चालवत नेलं. मला म्हणाले, बघा ताई, २१, २१, मग १३, मग २५, मग परत २१, २१. मधला एक ठोका वेळेआधी आलाय, त्याच्यानंतर थोडा थांबा घेतलाय आणि गाडी परत जुन्या वेगावर आलीये. आणि त्या लवकर आलेल्या ठोक्याच्या आधी पण पी आहे, फक्त आकार जरा वेगळा आणि आधीच्या ठोक्याच्या उतारावर चढून बसलाय. ह्याला एक्टोपिक म्हणतात, वरच्या कप्प्यातून आलेला जादाचा ठोका. त्या ३० सेकंदात असे पाच-सहा होते म्हणून घड्याळाच्या हिशोबाला अंतरं वेडीवाकडी वाटली. पण खाली एक ठरलेला ठेका होता आणि दर वेळी तो परत सापडत होता. औषध दिलं नाही. चहा कमी करा, झोप नीट घ्या, आणि पट्ट्या साठवत जा एवढंच.

घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "बघितलंस न्हवं, घड्याळ चुकतंय, मला काय बी झालेलं न्हाई." आणि खरं सांगते, मला पण तसंच वाटायला लागलं होतं. हीच धोक्याची जागा.

मार्चमध्ये, दुपारी जेवून पडले होते, काही त्रास नाही, धाप नाही, छातीत धडधड पण नाही, घड्याळानं आपणहून नोटिफिकेशन दिलं की ठेका अनियमित वाटतोय. हे नोटिफिकेशन ईसीजीवरून येत नाही, मागच्या हिरव्या लाइटनं मनगटातली नाडी बघून येतं, आणि एका वेळी बघून देत नाही, माणूस स्वस्थ असताना परत परत तपासून मगच देतं. अण्णा म्हणाले राहू दे, गेल्यावेळसारखंच असणार. मी हट्टानं बसवून ईसीजी काढला आणि परत एफिब आलं. मग मी लेकीच्या कंपासपेटीतला डिव्हायडर घेऊन बसले.

१७, २६, १४, २१, ३०, १६, १९.

पहिली दोन टोकं धरली आणि पुढे सरकवली तर कुठंच जुळेना. दुसरी जोडी धरून बघितली, तिसरी धरली, काहीच नाही. जानेवारीच्या पट्टीत चुकलेला ठोका दाखवता येत होता कारण बाकीचे जाग्यावर होते, इथं जाग्यावर असं कुणीच नव्हतं. आणि सुळक्याच्या आधीचा पी शोधला तर तो पण नाही, त्याच्या जागी सुळक्यांच्या मधली रेघ बारीक बारीक थरथरत होती, दर वेळी वेगळीच.

नाडीचा आकडा मात्र ७३! ह्या सात अंतरांची बेरीज १४३ येते, सरासरी साडेवीस चौकोनाच्या आसपास, म्हणजे ०.८२ सेकंदाला एक ठोका, मिनिटाला ७३. बीपीच्या मशीनवर पण ७३-७४ दिसत होतं आणि तेवढंच बघितलं असतं तर सगळं छान आहे म्हणून गप्प बसलो असतो. सरासरीत हा आजार दिसत नाही, तो दिसतो दोन ठोक्यांमधल्या अंतरात.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते असं की एफिबमध्ये वरचे कप्पे नीट आकसतच नाहीत, मिनिटाला ३५० ते ६०० च्या वेगानं नुसते थरथरतात म्हणून पी दिसत नाही. मधे एक गाळणी आहे, एव्ही नोड, ती त्यातले थोडेच खाली सोडते, पण कधी कुठला सोडेल ह्याला काही नियम नाही, म्हणून अंतरांना ठेका उरत नाही. आणि नीट न आकसणाऱ्या कप्प्यात, विशेष करून डाव्या बाजूच्या एका कोपऱ्यात, रक्त साचून गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली की पॅरालिसिसचा झटका. त्रास होवो न होवो, धोका असतोच.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला माहीत नव्हती. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा दवाखान्यातला बारा लीडचा ईसीजी एकदम नॉर्मल आला! ठेका आपोआप परत आला होता, हा येऊन जाऊन असणारा प्रकार. पट्टी हातात नसती तर आम्ही नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी आलो असतो. घड्याळाच्या शब्दावर निदान होत नाही, पण डॉक्टरांनी स्वतः वाचलेली ३० सेकंदांची स्वच्छ पट्टी निदानाला चालते, २०२० च्या युरोपियन गाइडलाइनमध्येही एका लीडची पट्टी धरलेली आहे. म्हणून म्हटलं की स्वच्छ पट्टीला महत्त्व आहे. पी हा लीड वनमध्ये मुळात बुटका असतो, हात हलला की त्यातच मिसळतो, आणि हाताचा कंप पण रेघ थरथरवतो. अण्णांच्या अशा दोन पट्ट्या आहेत, रेघ बघून एफिबच वाटतं, पण डिव्हायडर लावला तर २१, २१, २१. तो फक्त हात होता.

पुढे इको केला, झडपा चांगल्या, डावा वरचा कप्पा जरा मोठा. थायरॉइड आणि किडनीची तपासणी झाली. झटक्याचा धोका मोजायला गुण देतात, त्यात वय ६५ च्या वर म्हणून एक गुण आणि बीपी म्हणून एक, असे दोन गुण होतात त्यामुळं रक्त पातळ करायची गोळी चालू केली, ती घड्याळ नॉर्मल दाखवतंय म्हणून मनानं बंद करायची नाही हे डॉक्टरांनी अण्णांना तीनदा सांगितलं आणि मी पण रोज सांगते.

तक्रारी आहेत त्या पण लिहिते. रात्री चार्जिंगला लावायची सवय होती, म्हणजे झोपेतले आठ तास कोरे जायचे, आणि झोपेत तर माणूस सगळ्यात स्थिर असतो. आता आंघोळ आणि पेपर वाचायच्या वेळेत चार्ज करतो. नाडी फार हळू किंवा फार जोरात असली तर ते एफिबचं उत्तर देतच नाही. फ्लटर नावाचा एक भाऊबंद आहे, त्याचा ठेका कधी कधी एकदम सरळ असतो, तो घड्याळाला चकवू शकतो. आणि हार्ट अटॅक तर ह्यात कळत नाहीच. एप्रिलमध्ये शेजारच्या काकांना छातीत दाब आणि घाम आला, ते अण्णांचं घड्याळ मागायला आले, मी ते दिलं नाही, रिक्षा बोलावली आणि थेट दवाखान्यात पाठवलं.

मार्चपासून आत्तापर्यंत एफिबच्या चार पट्ट्या जमल्यात, चारही प्रिंट काढून फाइलला लावल्यात, वर तारीख, वेळ आणि त्या वेळी अण्णा काय करत होते ते पेनानं लिहिलंय. पुढच्या आठवड्यात मिरजेला दाखवायला जायचंय, ती फाइल सोबत नेणार आहे.