वजनं पडली होती चाकाची, बदलले लोअर आर्म: माझे 8,050 रुपये पाण्यात

गॅरेजवाले नको ते पार्ट गळ्यात मारतात हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. सोळा वर्षं गाडी चालवतोय. तरी फसलो, म्हणून लिहितोय.

पुण्यातल्या एका टायरच्या दुकानात चारही चाकांचं बॅलन्सिंग केलं, म्हणजे चाक सगळीकडून सारखं जड व्हावं म्हणून रिमला छोटी वजनं चिकटवून घेतली. बॅलन्सिंगचे 400, वजनांचे 130 ग्रॅमला 3 रुपयांनी 390, अलाइनमेंटचे 350. एकूण 1,140 रुपये. स्टिअरिंग अगदी शांत झालं. नऊ दिवसांनी गाडी धुऊन घेतली, प्रेशरच्या पाण्याने, आणि दुसऱ्या दिवशी सोलापूर रोडला 80 च्या पुढे गेल्यावर स्टिअरिंग पुन्हा थरथरायला लागलं. 70 वर काही नाही, 90 ला हात बधिर होतील इतकं.

परत त्याच दुकानात गेलो. मालकाने बॅटरी मारून डाव्या पुढच्या चाकात आत पाहिलं, रिमवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "साहेब, बॅलन्सिंग ओके आहे. लोअर आर्म गेलेत." म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी खालून जोडणारे दांडे. तो अंगठा मला आजही दिसतो. वजनं निखळलेली जागा त्याने त्याच क्षणी पाहिली होती.

आणि खरं सांगायचं तर त्याच्या आधी मीही पाहिली होती. गाडी धुऊन आल्यावर फडक्याने अलॉय पुसताना स्पोकच्या मागे बोटभर लांबीचा एक स्वच्छ, चकचकीत चौकोनी पट्टा होता. बाजूला ब्रेकची काळी धूळ, आणि पट्ट्यावर चिकट डिंक आणि फोमचे तुकडे. मला वाटलं चिखल निघाला असेल. फोमचे तुकडे तेवढे खरवडून काढले! तिथेच थांबायला हवं होतं मी.

दोन लोअर आर्म 5,200, स्टिअरिंगला चाकाशी जोडणारे दोन टाय रॉड एंड 1,300, मजुरी 1,200, पुन्हा अलाइनमेंट 350. झाले 8,050. मुलीला दुसऱ्या दिवशी हॉस्टेलवर सोडायचं होतं, ती गाडीत असताना स्टिअरिंग असं हलत असेल तर कोण घासाघीस करणार? जुने पार्ट मागितले तर "भंगारात गेले". जुने पार्ट आधीच मागून ठेवा, काम सुरू व्हायच्या आत.

थरथर तशीच राहिली. आता म्हणे पुढचे दोन टायर बदला.

शेवटी यवतच्या पुढे एका साध्या टायरवाल्याने जॅक लावला. चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलवलं, कुठे ढिलेपणा नाही. मग चाक हाताने फिरवत आतून बॅटरी मारली आणि मला बोलावून दाखवलं. मशीनवर डाव्याला 30 ग्रॅम मागितले, उजव्याला 25, आणि दोन्ही चाकांवरच्या डिंकाच्या खुणा बरोबर तेवढ्याच वजनांच्या लांबीच्या. आधी रिम घासून, सॉल्व्हंटने पुसून, कोरडी करून मगच त्याने नवी वजनं चिकटवली. पहिल्या दुकानातल्या पोराने धुळीवरच दाबली होती. खर्च 365 रुपये. 100 च्या वेगाला स्टिअरिंग स्थिर.

25 ग्रॅमने काय होतं असं वाटेल. 14 इंची रिमवर 90 च्या वेगाला तेवढंच वजन कमी पडलं की चाकाला साधारण साडेतीन किलोची ओढ बसते, तीही सेकंदाला जवळपास 14 वेळा गोल फिरत. वेग निम्मा केला की ओढ चौथाई होते, म्हणून गावात काही कळत नाही. लोअर आर्मचा रबरी बुश किंवा बॉल जॉइंट, म्हणजे त्याचे सांधे, गेले तर बहुतेक वेळा खड्ड्यात, स्पीड ब्रेकरवर आवाज येतो. माझ्या गाडीत आवाज नव्हताच, आणि हे मी तेव्हा तोंडाने बोललोसुद्धा नाही.

मग मागची चाकं तपासली. प्रत्येक तुकड्यावर 5 किंवा 10 छापलेलं असतं, बेरीज 40. म्हणजे पुढची पडलेली 55 धरून 95. बिलात 130. उरलेले 35 ग्रॅम लावलेच नव्हते.

चौकीत गेलो तर "हा दिवाणी मामला, इथे नाही". ग्राहक तक्रार नोंदवली, बिलं, फोटो सगळं जोडलं. दुकानदाराने उत्तर दिलं की काम ग्राहकाच्या संमतीने केलं. बस, तक्रार निकाली! कोणी एक फोन केला नाही. फोटोत डिंक दिसतोय, बिलात 130 लिहिलंय, बेरीज करायला किती वेळ लागतो? संमती मी खोट्या निदानाला दिली होती, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? तालुक्याच्या कार्यालयात गेलो तर सांगितलं, ऑनलाइनच करा. पुन्हा तेच.

लोखंडी रिम असेल तर वजन कडेला क्लिपने ठोकलेलं असतं. ते पडलं की कडेवर छोटी ताजी ओरखड उरते. आतल्या कडेची बघायला स्टिअरिंग पूर्ण वळवा. जुन्या बॅलन्सिंगच्या खुणाही असतात, पण त्यांच्यावर धूळ बसलेली असते; ताजा डिंक बोटाला चिकटतो. आत चिखल साचला तरी थरथर येते, आधी तो काढा. आणि रिम वाकडी असेल किंवा टायरला फुगा असेल तर वजनं लावून फायदा नाही.

मी आता बॅलन्सिंग झालं की प्रत्येक वजनाच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या ऑइल पेंटची रेघ मारतो आणि फोटो काढतो, बिल हातात धरून, दुकानदारासमोर.