तीन ओटीपी आले, तिन्ही मीच टाकले: ४९,५०० रुपये गेले

अमळनेरला माझं कृषी केंद्र आहे. जूनचे दिवस, कपाशीच्या बियाण्याला गर्दी, आणि त्यात मेसेज आला: पॅन अपडेट करा, नाहीतर नेटबँकिंग आज बंद. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. लिंक उघडली, पान हुबेहूब बँकेचं, वर कुलूपसुद्धा. कुलपाचा अर्थ एवढाच की मधला कोणी वाचू शकत नाही. पलीकडे चोर बसलाय का, हे ते सांगत नाही. हे मला नंतर कळलं.

मी गाफील होतो असं म्हणू नका. मागच्या वर्षी रात्री दोनला न मागता ओटीपी आला होता. पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला होता, पण ओटीपी माझ्या फोनवर, त्यामुळे तो दारातच अडकला. सकाळी पासवर्ड बदलला. तेव्हापासून ओटीपीवर डोळे झाकून भरवसा!

या वेळी पासवर्ड टाकल्यावर पानावर चक्र फिरत राहिलं, वीसेक सेकंद. तेवढ्यात तिकडे चोर माझा पासवर्ड खऱ्या साइटवर टाकत होता. म्हणून ओटीपी खऱ्या बँकेकडूनच आला. मी टाकला, तो आत गेला. मग पान म्हणालं, 'ओटीपी चुकला, पुन्हा टाका.' दुसरा आला, मग तिसरा. आणि इथेच माती खाल्ली. दुसऱ्या मेसेजात स्पष्ट लिहिलं होतं की हा ओटीपी पैसे पाठवायला नवीन खातेदार जोडण्यासाठी आहे, तिसऱ्यात रक्कम होती. मी फक्त सहा आकडे पाहिले. समोर गिऱ्हाईक 'भाऊ, बिल करा' म्हणून उभं, कोण वाचतो?

आकड्यांआधी वाक्य वाचा. पॅन अपडेटला खातेदार कशाला जोडावा लागतो?

आमच्या बँकेत नव्या खातेदाराला पहिल्या दिवशी पन्नास हजारांची मर्यादा आहे, म्हणून ४९,५००. नाहीतर हंगामाचं भांडवलच गेलं असतं.

बायकोने विचारलं, 'काय व्हयनं?' लाजेने सांगितलं नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन सकाळी केला, तोवर पैसे पुढच्या खात्यांत पांगलेले. फोन त्याच मिनिटाला करा. बँकेचे साहेब म्हणाले, 'ओटीपी तुम्हीच दिला ना?' ठाण्यात म्हणाले, जळगावला सायबरला जा. जळगावला विचारलं, ऑनलाइन तक्रारीची प्रत कुठेय? प्रत नेली तर साहेब बंदोबस्ताला! तीन खेपा, तीन दिवस दुकान बंद.

भाच्याने मेसेजऐवजी ॲपमधला, दर तीस सेकंदांनी बदलणारा कोड घ्यायला सांगितलं. सिमची नक्कल काढून ओटीपी पळवणाऱ्यापासून तो वाचवतो, पण मी तोही त्याच पानावर टाकला असता आणि तीस सेकंद चोराला पुरले असते. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये राहणारी डिजिटल किल्ली, मात्र साइटच्या ज्या पत्त्यासाठी केली तिथेच चालते. खोट्या पत्त्यावर फोन ती देतच नाही. ईमेलला लावली. बँकेत विचारलं तर काउंटरवरच्या पोराने मलाच विचारलं, पासकी म्हणजे काय.

चाळीस दिवसांनी बँकेचं पत्र आलं: व्यवहार ग्राहकाच्या ओटीपीने झाला, तक्रार बंद.