एनएफसी की यूएचएफ आरएफआयडी: वस्तूंना टॅग लावण्यापूर्वी

‘एनएफसी घेऊ की आरएफआयडी?’ या प्रश्नातच थोडा घोळ आहे, कारण एनएफसी हाही आरएफआयडीचाच, म्हणजे वस्तूवरचा टॅग रेडिओने वाचून ती ओळखण्याच्या तंत्राचाच, एक प्रकार. १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारा, फोनला वाचता येईल असा. खरी निवड असते ती एनएफसी आणि यूएचएफ टॅग यांत. हे यूएचएफ टॅग ८६० ते ९६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात आणि काही मीटरवरून वाचले जातात. १२५ किलोहर्ट्झची जुनी दारावरची कार्डं तिसरी, पण आधीपासून तशी यंत्रणा बसवलेली नसेल तर आज नव्याने त्या वाटेला जायचं कारण मला दिसत नाही.

दोन्हींच्या स्टिकरमध्ये बॅटरी नसते. चिपला लागणारी सगळी वीज रीडरकडून येते. ती कशी पोहोचते हे समजलं की पल्ल्याचं कोडं आपोआप सुटतं.

एनएफसीत रीडरच्या अँटेनाचं वेटोळं चुंबकीय क्षेत्र तयार करतं, ते टॅगच्या वेटोळ्यातून जातं आणि तिथे विद्युतदाब निर्माण होतो. ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्या थोड्या दूर ठेवल्यासारखंच हे. गोची अशी की हे क्षेत्र अंतराबरोबर फार वेगाने मावळतं. फोनमधलं वेटोळं २ सेंटिमीटर त्रिज्येचं धरलं, तर ४ सेंटिमीटरवर क्षेत्र मध्यभागाच्या सुमारे अकराव्या हिश्श्यावर येतं आणि १० सेंटिमीटरवर जवळजवळ १३० व्या हिश्श्यावर. पेमेंट कार्डांच्या मानकाप्रमाणे, म्हणजे आयएसओ १४४४३ प्रमाणे, कार्डाला किमान १.५ अँपिअर प्रति मीटर क्षेत्र मिळायला हवं. म्हणून ‘फोन टेकवा’ असंच सांगावं लागतं. फोनची ताकद थोडी वाढवून पल्ला फारसा वाढत नाही, वेटोळं मोठं करावं लागतं.

मोठं वेटोळं वापरणारा एक मधला भाऊ आहे: आयएसओ १५६९३. वारंवारता तीच, पण टॅगला ०.१५ अँपिअर प्रति मीटर, म्हणजे दहाव्या हिश्श्याचं क्षेत्र पुरतं. ग्रंथालयांच्या दाराशी उभ्या असलेल्या जाळ्यांमध्ये बहुधा हाच असतो. मोठ्या अँटेनासमोर तो सुमारे मीटरभरावरून वाचता येतो आणि बरेच फोनही तो जवळून वाचतात. अनेक जण या पर्यायाचं नावही न ऐकता निर्णय घेऊन मोकळे होतात, हे खटकतं.

यूएचएफचा मामला वेगळा. इथे रीडर रेडिओ लहरी सोडतो. टॅग त्यातली थोडी ऊर्जा चिप जागवायला वापरतो आणि अँटेनाचं परावर्तन कमीजास्त करून उत्तर देतो. शक्ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे एनएफसीपेक्षा बरीच सावकाश. हिशेब करून बघू. रीडरच्या अँटेनातून टॅगच्या दिशेने ४ वॅटच्या तोडीचा झोत निघतो असं धरा. मोकळ्या जागेत १० मीटरवर टॅगला जेमतेम ५० मायक्रोवॅट मिळतात. आजच्या चिपला वाचनासाठी साधारण १० मायक्रोवॅट पुरतात. कागदावर पाचपट शिल्लक दिसते, पण टॅग आडवा फिरला, मध्ये माणूस आला, खोक्यात पाण्याची बाटली निघाली की ही शिल्लक बघता बघता संपते. टॅगवर नवी माहिती लिहायला वाचनापेक्षा जास्त वीज लागते, म्हणून १० मीटरवरून वाचला जाणारा टॅग तिथूनच लिहिताही येईल असं गृहीत धरू नका.

आता एक उदाहरण. प्रयोगशाळेचं भांडार आहे, त्यात ६०० उपकरणं. प्रत्येकावर टॅग हवा. दोन कामं आहेत: उपकरण कुणी नेलं याची नोंद, आणि महिन्याला एकदा मोजणी.

नोंदीच्या कामात एनएफसी सरस. समोरच्या माणसाच्या हातात एक वस्तू आहे, तो फोन टेकवतो, पडद्यावर तिचं नाव येतं. चूक झाली तर त्याच क्षणी कळते, कारण माणूस तिथेच उभा असतो. वेगळा रीडर लागत नाही. छोट्या चिपमध्येही १४४ बाइट जागा मिळते, वस्तूचा क्रमांक आणि एक दुवा त्यात आरामात मावतो.

मोजणीत मात्र तोच स्पर्श अडचण होतो. वस्तू शोधून टेकवायला पाच सेकंद धरले तरी ६०० वस्तूंना ५० मिनिटं, आणि मधल्या गप्पांचा वेळ वेगळाच. यूएचएफचा हातातला रीडर फडताळांसमोरून फिरवला तर हे काम काही मिनिटांचं, कारण तो सेकंदाला शेकडो टॅग वाचू शकतो. पण त्याची किंमत तुम्ही दुसरीकडे मोजता. साधा फोन यूएचएफ वाचत नाही, तेव्हा रीडर घ्यावाच लागतो. आणि यूएचएफची चूक बोलत नाही. रीडरने ५९१ दाखवले तर नऊ उपकरणं हरवली, की पत्र्याच्या कपाटात झाकली गेली? उलट बाजूने, शेजारच्या खोलीतले टॅग भिंतीपलीकडून मोजणीत घुसतात, हा प्रकार तर मला जास्त त्रासदायक वाटतो, कारण आकडा बरोबर आल्यासारखा दिसतो. इलाज म्हणून रीडरची शक्ती कमी करा. १ वॅटवरून ०.१ वॅटवर आणली की पल्ला साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

धातू दोन्हींना नडतो. एनएफसी स्टिकर थेट पत्र्यावर लावला तर पत्र्यात उलटे प्रवाह फिरतात, क्षेत्र खाऊन टाकतात आणि अँटेनाचा सूर बिघडतो. हे ओळखायला एक सोपी खूण आहे: स्टिकर पत्र्यापासून काही मिलिमीटर उचलून धरा, तेवढ्यानेच वाचला तर दोष धातूचा. मागे फेराइटचा थर असलेला टॅग घ्या. यूएचएफमध्येही धातूसाठी वेगळे, जाड टॅग मिळतात. पाण्याच्या बाबतीत मात्र एनएफसी बराच निर्धास्त असतो, तर द्रवाने भरलेल्या बाटलीला चिकटवलेला यूएचएफ टॅग अनेकदा मूक होतो.

सुरक्षिततेबद्दल एकच: पल्ला कमी म्हणजे टॅग सुरक्षित, असं नाही. साध्या एनएफसी टॅगचा क्रमांक नक्कल करता येतो. दार उघडायचं किंवा पैशाचं काम असेल तर चिप स्वतः गुप्त किल्लीने सिद्ध होणारी हवी, नुसत्या क्रमांकावर विसंबू नये.

वरच्या भांडारासाठी मी दोन्ही लावीन. प्रत्येक उपकरणावर एनएफसी, आणि यूएचएफ फक्त सहज न हलणाऱ्या महागड्या वस्तूंवर. दोन्ही तंत्रं एकाच स्टिकरमध्ये असलेले टॅगही मिळतात, पण सगळ्यांवर ते लावण्याआधी दहा-पंधरा नमुने मागवा. ते मोकळ्या टेबलावर नको, खऱ्या उपकरणांवर, बंद कपाटाच्या आत, दार लावून वाचून पाहा.