हातचा कुठे ठेवायचा? क्वांटम बेरजेच्या दोन सर्किटांची तुलना

शाळेत बेरीज करताना हातचा आपण वहीच्या कोपऱ्यात लिहायचो आणि काम झालं की खोडून टाकायचो. क्वांटम सर्किटमध्ये खोडरबर नाही. तिथलं प्रत्येक गेट उलट चालवता आलं पाहिजे, म्हणून एकदा काढलेला हातचा पुसायचा तर तो ज्या गेटांनी काढला तीच उलट्या क्रमाने चालवावी लागतात. सी-नॉट आणि टोफोली (म्हणजे दोन नियंत्रक असलेलं सीसी-नॉट) एवढ्याच गेटांतून लहान पूर्णांकांची बेरीज बांधायला बसलात, की पहिला निर्णय हाच घ्यावा लागतो: हातचा ठेवायचा कुठे?

याची दोन प्रसिद्ध उत्तरं आहेत. पहिलं वेद्राल, बारेंको आणि एकर्ट यांचं, १९९६ साली छापून आलेलं. हातच्यांसाठी ते वेगळे क्युबिट घेतात. दुसरं २००४ सालचं, कुकारो, ड्रेपर, कुटिन आणि मोल्टन यांचं. ते हातचा `a` या संख्येच्याच क्युबिटांत तात्पुरता लिहितात आणि परत जाताना `a` पूर्ववत करतात. दोन्हींत `a` जशीच्या तशी राहते आणि उत्तर `b` च्या जागी येतं.

पहिली रचना वाचायला सोपी आहे. `a` आणि `b` दोन्ही १ असतील तर टोफोली पुढचा हातचा उलटवतो. मग सी-नॉटने `b` मध्ये `a` मिसळायचा आणि आधीचा हातचा व हा नवा `b` दोन्ही १ असतील तर दुसरा टोफोली पुढचा हातचा उलटवतो. अगदी वहीतल्यासारखं. शेवटच्या घरापर्यंत हातचे नेल्यावर एकेक घर मागे येत हातचा पुसायचा आणि त्या घराची बेरीज लिहायची. `n` बिटांना `3n+1` क्युबिट आणि `4n-2` टोफोली लागतात.

दुसरी रचना पहिल्या वाचनात डोक्यावरून जाते, पण कोड छोटा आहे. किस्किटमध्ये तिचे दोन तुकडे असे लिहिता येतात:

```python
def maj(q, c, b, a):
    q.cx(a, b)
    q.cx(a, c)
    q.ccx(c, b, a)

def uma(q, c, b, a):
    q.ccx(c, b, a)
    q.cx(a, c)
    q.cx(c, b)
```

`maj` संपल्यावर `a` च्या क्युबिटात तीन बिटांचं बहुमत उरतं, आणि बहुमत म्हणजेच हातचा. `uma` ते उलटवून `a` परत करतं आणि `b` मध्ये बेरीज ठेवतं. इथे `2n+2` क्युबिट आणि `2n` टोफोली पुरतात.

दोन बिटांत ३ + १ करून पाहू. `a1a0` = 11, `b1b0` = 01, सुरुवातीचा `c` शून्य, वरच्या हातच्यासाठी `z` शून्य. पहिल्या `maj` नंतर `b0` = 0, `c` = 1, `a0` = 1; म्हणजे हातचा एक. दुसऱ्या `maj` मध्ये `a0` ची जागा हातच्याची: `b1` = 1, `a0` = 0, `a1` = 1. पुन्हा हातचा एक, तो सी-नॉटने `z` मध्ये उतरवला. आता परतीची वाट. `uma` नंतर `a0` = 1, `b1` = 0; शेवटच्या `uma` नंतर `c` = 0, `b0` = 0. `z b1 b0` वाचलं तर 100, म्हणजे ४. `a` पुन्हा 11.

उत्तर बरोबर आलं, पण ही चाचणी फसवी आहे. वरच्या पायऱ्या पुन्हा पाहा: चारपैकी एकाही टोफोलीने काहीच उलटवलेलं नाही. `maj` मधला टोफोली तेव्हाच काम करतो जेव्हा `b` आणि `c` दोन्ही `a` पेक्षा वेगळे असतात. ३ + १ मध्ये तसं कुठल्याच घरात होत नाही, त्यामुळे `ccx` च्या सगळ्या ओळी लिहायच्या राहिल्या तरी ४ च येतात. ३ + ० करून पाहा. तिथे दोन्ही घरांत टोफोली लागतो आणि तो नसेल तर ३ ऐवजी ५ येतात. चार गुणिले चार अशा सोळाच जोड्या आहेत. सगळ्या तपासाव्यात, आवडत्या दोन-तीन नव्हे.

पहिल्या रचनेतली चूक याहून खोल लपते. समजा हातचे पुसणारे टोफोली लिहायचे राहिले. साध्या आकड्यांवर `b` मधलं उत्तर सोळाही जोड्यांत बरोबर येईल, कारण हातच्याचे क्युबिट सहसा कोणी मोजतच नाही. पण `b` अध्यारोपणात असेल तर तो न पुसलेला हातचा तिच्याशी गुंततो आणि पुढच्या अल्गोरिदममधलं व्यतिकरण बिघडतं. हे पकडायची एक सोपी युक्ती आहे. `a` = १ ठेवा, `b` च्या तिन्ही क्युबिटांवर (वरच्या हातच्याचा क्युबिट धरून) हॅडमार्ड लावा, बेरीज करा, पुन्हा हॅडमार्ड लावा. सगळ्या आकड्यांच्या समान अध्यारोपणात एक मिळवला तरी ते तसंच राहतं, म्हणून दर वेळी 000 यायला हवं. पहिला हातचा पुसायचा राहिला असेल तर निम्म्या वेळा 001 दिसतं. सिम्युलेटरवर हे लगेच कळतं.

म्हणूनच नवख्याला मी पहिली रचना कागदावर करायला सांगतो आणि चालवायला दुसरी. दुसऱ्या रचनेत हातचा `a` मध्येच असल्यामुळे `uma` विसरलात तर `a` आणि उत्तर दोन्ही उघड बिघडतात. चूक दडत नाही, हा मला क्युबिट वाचण्याइतकाच मोठा फायदा वाटतो.

खऱ्या यंत्रावर जायचं असेल तर हिशेब आणखी एका बाजूला झुकतो. टोफोली तिथे थेट मिळत नाही. नेहमीच्या विघटनात एका टोफोलीला सहा सी-नॉट आणि सात टी गेट लागतात. चार बिटांच्या बेरजेत पहिल्या रचनेचे १४ टोफोली आणि १६ सी-नॉट मिळून १०० सी-नॉट होतात, दुसरीचे ८ टोफोली आणि १७ सी-नॉट मिळून ६५. प्रत्येक सी-नॉट शंभरात एकदा चुकतो असं धरलं आणि बाकीच्या चुका सोडल्या, तर सर्किट निर्दोष पार पडण्याची शक्यता पहिलीत सुमारे ३७ टक्के, दुसरीत ५२. या आकड्यांत क्युबिटांची अदलाबदल धरलेली नाही. यंत्रात फक्त शेजारचेच क्युबिट जोडलेले असतील तर प्रत्येक अदलाबदलीला आणखी तीन सी-नॉट जातात. तिथेही दुसरी रचना बरी पडते: `c, b0, a0, b1, a1, z` अशी रांग लावली की प्रत्येक `maj` सलग तीन क्युबिटांवर बसतो. पहिलीच्या हातच्याच्या तुकड्याला चार क्युबिट लागतात.

पहिली रचना तरीही निवडावी असा एक प्रसंग आहे. हातचे मधेच वापरायचे असतील, उदाहरणार्थ कुठल्या घरात हातचा आला त्यावर दुसरं काही नियंत्रित करायचं असेल, तर ते वेगळ्या क्युबिटांत तयार मिळतात आणि त्या वेळी `a` ला हात लागलेला नसतो. दुसरीत त्याच क्षणी `a` चे बिट हातच्यांखाली झाकलेले असतात आणि `uma` होईपर्यंत `a` वाचताच येत नाही.