मीटिंग ठरवणं सोपवताना: नुसतं सीसी की ओळख करून देणं?

चालू मेलमध्ये सहकाऱ्याला सीसीत टाकून ‘पुढचं या बघतील’ एवढंच लिहिलं, तर ‘पुढचं’ म्हणजे फक्त वेळ की दरसुद्धा, हे ग्राहकाला कळत नाही. ऑफिसातल्या ऑफिसात एवढं चालतं.

बाहेरच्यांसाठी ओळख करून देणंच बरं. सहकाऱ्याचं नाव आणि काम सांगून लिहा: ‘पुढच्या आठवड्यातल्या ४५ मिनिटांच्या डेमोची वेळ त्या ठरवतील, लिंकही पाठवतील. दराबद्दल मला लिहा.’

तरीही ग्राहकानं ‘रिप्लाय ऑल’ऐवजी ‘रिप्लाय’ दाबलं, की उत्तर फक्त तुमच्याकडे येतं. म्हणून त्याच दिवशी, त्याच थ्रेडमध्ये सहकाऱ्यानं स्वतः डेमोसाठी दोन वेळा सुचवाव्यात. मग ग्राहकाचं ‘रिप्लाय’ थेट तिच्याकडे जातं. सहकाऱ्याला थ्रेडमध्ये घेण्याआधी खालचे जुने मेल मात्र तपासा. तिनं वाचू नये असं काही त्यात नको.