आठ महिने वापरलेला माणसांचा पॅक: आधी दोन तारे दिले होते, आता साडेतीन

विकणाऱ्याचं नाव देत नाही, कारण मुद्दा त्याच्यापुरता नाही. इमारतींच्या संगणकीय चित्रांत उभी करायला स्कॅन केलेली १२० त्रिमितीय माणसं आहेत: साड्या, सलवार-कमीज, बॅगा ओढणारे, पेटीवर बसलेली कुटुंबं. मी १२ हजार मोजले. आमच्यासारख्या तिघांच्या ऑफिसला ही रक्कम जड जाते, म्हणून सविस्तर लिहितोय.

काम होतं एका स्थानकाच्या कॉन्कोर्सचं. ६० मीटरचं छप्पर मधे एकही खांब न घेता, वर दुधी पॅनेल, बाहेर ढगाळ आकाश. ब्लेंडरमध्ये सायकल्स या त्याच्याच रेंडर इंजिनवर चित्र काढलं, पॅकमधलीच माणसं पुन्हापुन्हा वापरून ४०० जण सोडले. बैठकीत क्लायंटकडच्या एका निवृत्त अभियंत्यांनी चित्र बघितलं आणि विचारलं, "अहो, छप्पर एवढंच? साठ म्हणाला होतात ना?"

मॉडेलमध्ये छप्पर बरोबर ६० मीटरच होतं. रात्री शोध घेतला. कॅमेरा जमिनीपासून १.५ मीटरवर होता. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या सगळ्यांना क्षितिजरेषा एकाच उंचीवर कापते, माणूस जवळचा असो की लांबचा. माझ्या चित्रात ती पुरुषांच्या नाकाजवळून आणि बायकांच्या कपाळाच्या वरच्या टोकाजवळून जायला हवी होती. जात होती सगळ्यांच्या खांद्यावरून. मग माणसं एकेक करून मोजली: प्रत्येक प्रौढ व्यक्ती बरोबर १.८० मीटर! नऊवारीतल्या आजीसुद्धा. स्कॅन केल्यावर सगळ्यांना एकाच उंचीत बसवलेलं.

छपराचं माप डोळा माणसावरून काढतो. मी पुरुष १.६५ आणि बायका १.५२ धरतो, म्हणजे सरासरी साधारण १.५८. त्याजागी १.८० ची माणसं उभी केली की ६० मीटरचं छप्पर ५३ मीटरचं वाटतं. सात मीटर छप्पर मी फुकट घालवलं होतं. वरच्या मजल्याचा १.१ मीटरचा कठडाही लोकांच्या कमरेलाच लागत होता; खरं तर तो त्याहून वर, बरगड्यांपर्यंत यायला हवा.

दुरुस्ती सोपी आहे. पुरुषांचा `Scale` ०.९२, बायकांचा ०.८४, आणि दोन्ही गट वेगळ्या कलेक्शनमध्ये. आकारात थोडा फरक यावा म्हणून `Random Value` मध्ये झाडांसाठी आपण ०.८ ते १.२ देतो, तसं इथे देऊ नका. फरक चार टक्क्यांच्या आतच ठेवा. मुलांचा गट वेगळा, प्रत्येक मूल हाताने मोजून.

हे समजल्यावर रागाने दोन तारे दिले आणि आणखी एक तक्रार केली: माणसं जमिनीवर टेकत नाहीत, चिकटवल्यासारखी दिसतात. सपोर्टवाल्यांशी तीन आठवडे वाद घातला, पिव्हट, म्हणजे मॉडेल ज्या बिंदूवर जमिनीला टेकवतात तो, चुकीचा आहे म्हणून. ती तक्रार मी मागे घेतो. त्यांनी फाइल मागितली आणि कळलं की पिव्हट बरोबर तळव्यावरच आहे. आम्ही ग्रॅनाइटची पातळी बदलली तेव्हा फरशी ३० मिमी खाली गेली, पण माणसं पसरवलेला पृष्ठभाग जुन्याच जागी राहिला. चारशे जण तीन सेंटिमीटर हवेत!

इतके दिवस दिसलं का नाही, याचं कारण उजेडात आहे. ऊन असतं तर पाय आणि सावली यांच्यातली फट लगेच डोळ्यात भरली असती. छपरातून गाळून येणाऱ्या मऊ उजेडाला दिशा नसते. पडलेली सावली जवळजवळ नसतेच. उरतो तो चपलेखालचा बोटभर काळपट पट्टा. माणूस जमिनीवर उभा आहे हे तेवढाच पट्टा सांगतो. आणि प्रत्येक पिक्सेलला १२८ सॅम्पल्स असताना चित्रातले ठिपके पुसणारा डिनॉइझर नेमका तोच पुसत होता. ५१२ केल्यावर तो परत आला. आता पाठवण्याआधी चार जणांचे पाय २०० टक्के मोठे करून बघतो.

त्याच फाइलमध्ये कॉन्कोर्सचा आतला भाग उगाच काळवंडत होता. सायकल्समध्ये डिफ्यूज बाउन्स, म्हणजे उजेड खरखरीत पृष्ठभागांवरून किती वेळा उसळतो ते, मुळात ४ असतात. एवढ्या मोठ्या जागेत, जिथे उजेड फरशीवरून छपराला आणि परत खाली येतो, तिथे ते कमी पडले. ८ केले, वेळ वाढला, पण आतल्या तिकीट खिडक्या दिसायला लागल्या. याचा पॅकशी संबंध नाही, तरी माझा आठवडा गेला म्हणून सांगितलं.

पॅकची जमेची बाजू म्हणजे बसलेली माणसं. चादर पसरून डबा उघडलेलं कुटुंब मला दुसऱ्या कुठल्याच पॅकमध्ये मिळालं नव्हतं, आणि त्या गटामुळेच आमचं चित्र इथल्या स्थानकाचं वाटलं. सुधारलेलं चित्र नेलं तेव्हा त्या अभियंत्यांनी फक्त कठड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आता बरोबर आहे."

मी आणखी दोन तारे द्यायला तयार होतो, पण उंची मापून फाइलच्या नावात लिहा, एवढीच मागणी सहा महिने पडून आहे. म्हणून दीडच वाढवला. पुढचा भाग निघतोय म्हणे. माप लिहिलेलं नसेल तर मी घेणार नाही.