बिलावर ‘गॅबर्डिन’ होतं, ‘वूल’ नव्हतं: सांगलीत चार शिक्षकांना विकलेले चार सूटपीस

गेल्या नोव्हेंबरात सांगलीतल्या एका शाळेच्या शिक्षककक्षात एक विक्रेता आला. प्रदर्शन संपलंय, उरलेला माल परत नेण्यापेक्षा इथेच देतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्याकडे खोक्यात बंद केलेले चार सूटपीस होते: ट्वीड, फ्लॅनेल, वर्स्टेड आणि गॅबर्डिन. प्रत्येक सव्वातीन मीटर, मोठ्या पन्ह्याचा, किंमत 4,800 रुपये. “सर, चारही प्युअर वूल आहे, जाळून दाखवतो,” असं म्हणून त्याने खिशातल्या नमुन्याच्या तुकड्यातून एक धागा ओढला आणि काडी लावली. केस जळाल्यासारखा वास आला. चौघांनी एकेक पीस घेतला. जानेवारीत ते आमच्याकडे शिवायला आले, तेव्हा आम्ही चारही कापडं तपासली. शुद्ध लोकरीचं एकही निघालं नाही. त्यातली फसवणूक मात्र प्रत्येक कापडात वेगळी होती, म्हणून हे सविस्तर लिहितोय. हाच माणूस किंवा असाच दुसरा कुणी सातारा, कराड, इस्लामपूरकडेही फिरत असणार.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण फसवणुकीचं मूळ तिथेच आहे. गॅबर्डिन हे विणीचं नाव आहे. फ्लॅनेल हे कापडावर नंतर केलेल्या प्रक्रियेचं नाव आहे. ट्वीड आणि वर्स्टेड ही नावं मुळात लोकरीच्या कापडाची असली, तरी बाजारात ती आता कुठल्याही तंतूच्या कापडाला लावतात. त्यामुळे ‘गॅबर्डिन सूटिंग’ असं लिहिलेलं बिल पॉलिस्टरच्या कापडालाही खोटं ठरत नाही. या चौघांच्या बिलांवर नेमकं तेवढंच लिहिलं होतं. ‘प्युअर वूल’ हे शब्द विक्रेता फक्त तोंडाने बोलत होता.

सगळ्यात सहज उघडं पडलं ते ट्वीड. तपकिरी रंगाचं, माशाच्या काट्यासारख्या नक्षीचं. आम्ही कडेचा एक आडवा धागा ओढून काढला. त्या एकाच धाग्यावर बोटभर गडद, बोटभर फिका, पुन्हा गडद असे पट्टे होते. म्हणजे नक्षी विणलेली नव्हती, छापलेली होती. उलट बाजूला ती धूसर दिसत होती, तेही यामुळेच. खऱ्या ट्वीडचं सूत कातण्याआधीच लोकर रंगवून मिसळलेली असते. धाग्याचा पीळ उलगडला की आत गंजाचा, शेवाळी, मोहरीचा असे वेगवेगळ्या रंगांचे केस एकत्र दिसतात. लांबून तपकिरी वाटणारं कापड जवळून अनेकरंगी असतं. हातालाही खरं ट्वीड कोरडं आणि खरखरीत लागतं, मुठीत दाबून सोडलं की फुगून वर येतं. हे कापड गुळगुळीत आणि दमट-गार लागत होतं. विक्रेत्याने ते स्कॉटलंडचं म्हणून सांगितलं होतं. हॅरिस ट्वीडसाठी तिथे 1993 पासून स्वतंत्र कायदा आहे आणि त्या कापडाच्या उलट बाजूवर गोल व क्रॉसचा शिक्का असतो. खोक्यावर चिकटवलेल्या सोनेरी लेबलाला त्या बाबतीत काही अर्थ नाही.

फ्लॅनेल ओळखताना वरची लव पाहू नका, लवेखालचं पाहा. लोकरीचं फ्लॅनेल विणून झाल्यावर गरम साबणाच्या पाण्यात घोटतात. लोकरीच्या केसांवर खवले असतात, ते एकमेकांत अडकतात, कापड आटतं आणि वीण आत दबून जाते. लव त्यानंतर काढतात. म्हणून खरं फ्लॅनेल खिडकीच्या उजेडासमोर धरलं तर धुक्यासारखं सारखं दिसतं, भोकं दिसत नाहीत. कापलेल्या कडेचे धागेही फारसे सुटत नाहीत. पॉलिस्टर-व्हिस्कोसमध्ये ही घोटाई होतच नाही, कारण त्या तंतूंना खवले नसतात. तिथे यंत्राच्या तारांनी घासून फक्त वरवर लव उभी करतात. या पीसमध्ये उजेडासमोर धाग्यांची जाळी स्वच्छ दिसली. ओल्या अंगठ्याने एकाच जागी वीस वेळा घासल्यावर लवेच्या गोळ्या सुटून आल्या.

चौघांत कमी फसले ते वर्स्टेड घेणारे. वर्स्टेडचं सूत फण्यांनी विंचरून काढतात. आखूड केस बाजूला पडतात, लांब केस समांतर राहतात आणि घट्ट पीळ बसतो. ट्वीडच्या धाग्याचा पीळ उलगडला तर इंच-दीड इंचाचे गुंतलेले केस हातात येतात. वर्स्टेडमध्ये अडीच-तीन इंच किंवा त्याहून लांब, सरळ केस मिळतात. या कापडाचा पोत गुळगुळीत होता, वीण मोजता येत होती आणि काठावर ‘सुपर 120’ असं विणलेलंही होतं. पण ‘सुपर’चा आकडा लोकरीच्या केसाची जाडी सांगतो. सुपर 120 म्हणजे सरासरी 17.75 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक केस. पॉलिस्टर मिसळलेल्या कापडावर तो लिहिता येत नाही. आम्हाला इथे शंका आली ती राखेमुळे. धागा जळताना वास केसाचाच आला, पण टोकाला उरलेली गोळी बोटांनी चुरडेना. शुद्ध लोकरीची राख काळी असते आणि चिमटीत भुगा होते. कडक मणी उरला तर आत पॉलिस्टर आहे. लोकरीचा वास इतका उग्र असतो की थोडी लोकरही पुरते, म्हणून वासावर कधीच थांबू नका. आणि धागा तुमच्या पीसमधून, तुमच्या हाताने काढा. एक उभा आणि एक आडवा, कारण काही कापडांत दोन्ही दिशांना वेगळं सूत असतं.

किती लोकर आहे ते घरी मोजता येतं. कापडाचा तुकडा एका दिवसासाठी मोकळ्या हवेत ठेवा आणि सराफाच्या काट्यावर त्यातला बरोबर 2 ग्रॅमचा भाग कापून घ्या. काचेच्या वाटीत घरगुती ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट) ओता, तुकडा पूर्ण बुडवा, खिडक्या उघड्या ठेवा. त्यात संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही पडू देऊ नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. लोकर पिवळी पडते, बुडबुडे येतात आणि काही तासांत विरघळून जाते. पॉलिस्टर आणि व्हिस्कोस शिल्लक राहतात. बाटली जुनी असेल तर ब्लीचचा जोर गेलेला असतो, तेव्हा नवी घ्या आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहा. उरलेलं भरपूर पाण्यात धुऊन एक दिवस वाळवा आणि पुन्हा तोला. या वर्स्टेडचे 2 ग्रॅमचे 1.3 ग्रॅम उरले. म्हणजे लोकर 35 टक्के, बाकी पॉलिस्टर. यालाच आपल्याकडे टेरीवूल म्हणतात. ते कापड वाईट नाही, सांगलीच्या हवेत रोज वापरायला उलट सोयीचं आहे, पण शुद्ध लोकर म्हणून विकणं ही फसवणूकच. या चाचणीची मर्यादाही लक्षात ठेवा: रेशीमही ब्लीचमध्ये विरघळतं आणि जुन्या चिंध्या पिंजून पुन्हा कातलेली लोकरही. ती नव्या लोकरीची हमी देत नाही.

गॅबर्डिनने मात्र जाणत्यालाही चकवलं असतं. थॉमस बर्बरी यांनी 1879 मध्ये आणलेलं हे कापड उभ्या धाग्यांच्या दाटीवर उभं आहे. उभे धागे आडव्यांच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे साध्या ट्विलची तिरपी रेघ 45 अंशांवर असते, तशी इथे नसते, ती 63 अंशांच्या आसपास उभी चढते. सुलट बाजूला रेघ ठळक, उलट बाजू जवळपास सपाट. या पीसमध्ये हे सगळं अगदी बरोबर होतं. कोनमापक लावला, भिंगाखाली धागे मोजले, कुठेच खोट नाही. विणीवरून ते गॅबर्डिनच होतं. पण ब्लीचमध्ये रात्रभर ठेवूनही तुकडा जसाच्या तसा राहिला आणि धागा ज्योतीजवळ नेताच आकसून वितळला. शंभर टक्के पॉलिस्टर.

हे कापड मे महिन्यातल्या मुलाच्या लग्नासाठी घेतलं होतं, म्हणून नुकसान इथेच सर्वात जास्त. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण 16 टक्के ओलावा शोषून ठेवते, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. गॅबर्डिनच्या दाट विणीतून वाराही जात नाही. तोंड लावून फुंकर मारून पाहा: उन्हाळी वर्स्टेडमधून हवा पलीकडे हाताला लागते, गॅबर्डिनमध्ये गालातच अडते. चाळीस अंशांच्या उन्हात, मांडवात, अस्तर लावलेला असा कोट म्हणजे घामाने भिजणं. शुद्ध लोकरीचं गॅबर्डिनही आम्ही मे महिन्यासाठी सुचवलं नसतं. त्या कामाला 220 ते 250 जीएसएमचं साध्या विणीचं वर्स्टेड. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ते काढायला दहा सेंटिमीटरचा चौकोन कापून तोला आणि ग्रॅमला शंभरने गुणा. फ्लॅनेल डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेला, आणि ट्वीड घ्यायचंच तर महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीसाठी. सांगलीत डिसेंबरच्या दुपारीही ते अंगावर राहवत नाही.

शिवतानाही फरक पडतो, आणि शिंपी तो लगेच सांगू शकतो. बाहीचा वरचा गोल काखेच्या घेरापेक्षा इंच-दीड इंच मोठा कापतात. लोकरीत तेवढं कापड वाफेवर आटवून बसवता येतं, म्हणून खांदा गोल येतो. पॉलिस्टर आटत नाही, खांद्यावर चुण्या राहतात. इस्त्री जास्त तापली तर लोकरीवर आलेली चकाकी ओल्या फडक्याच्या वाफेने बरीच निघते. पॉलिस्टरवरची निघत नाही, कारण तिथला तंतू वितळून सपाट झालेला असतो. म्हणून त्या गॅबर्डिनचा कोट करू नका असंच आम्ही सांगितलं. त्याच्या पावसाळ्यात वापरायच्या दोन पँट बेतल्या, कमी इस्त्रीवर आणि मध्ये सुती फडकं ठेवून.

विक्रेत्याचा फोन तोपर्यंत बंद झाला होता. बिलावर पत्ता नव्हता, जीएसटी क्रमांकही नव्हता. ज्यांनी यूपीआयने पैसे दिले त्या दोघांकडे निदान खात्याचं नाव आहे. त्यांनी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पण आयोगापुढे पुरावा म्हणून बिलच जाणार, आणि त्यावर ‘वूल’ हा शब्दच नाही. म्हणून पैसे देण्याआधी बिलावर तंतूचं नाव आणि टक्केवारी लिहून मागा: ‘100 टक्के लोकर, गॅबर्डिन, सव्वातीन मीटर’. सोबत काठाजवळची बोटभर चिंधी बिलाला टाचून, तीवर विक्रेत्याची सही घ्या. ज्याला हे लिहून द्यायला जड जातं, त्याचं खोकं तिथेच ठेवा.